आउटबॉक्समध्ये नऊ मेल अडकल्यात, एरर मात्र एकही नाही!

निशिगंधा_क | सकाळी १०:१२

काल दुपारपासून माझ्या आउटलुकमधून एकही मेल बाहेर पडलेली नाही. Send दाबलं की मेल आउटबॉक्समध्ये जाते आणि तिथेच बसून राहते. आता नऊ झाल्यात. खाली पट्टीवर थोडा वेळ काहीतरी पाठवतोय असं दिसतं, मग ते नाहीसं होतं. लाल फुली नाही, चौकट नाही, काही नाही. चूक झाली असं कोणी सांगितलं असतं तर ती शोधता तरी आली असती.

येणाऱ्या मेल व्यवस्थित येतायत, म्हणजे नेट आहे आणि पासवर्डही बरोबर आहे. संगणक दोनदा बंद-चालू करून झाला. F9 तर इतक्या वेळा दाबलंय की त्या बटणावरचं अक्षर पुसट झालं असेल. खातं आयमॅप आहे, आउटलुक जुनं, म्हणजे संगणकावर बसवलेलं. दोन मेल आज जायलाच हव्यात. काय करू?

भटका_विमुक्त | सकाळी १०:१९

माझंही सेम! पाठवलं की एकच टिक येते, दुसरी येतच नाही. समोरच्याने ब्लॉक केलं असेल का?

खडूस | सकाळी १०:२४

भटका, ते मेलबद्दल विचारतायत. तुमच्या एका टिकेचं उत्तर तुम्हाला मनातून माहीत असणारच.

निशिगंधा, ब्राउझरमधून लॉगिन करा आणि त्या दोन मेल तिथून पाठवा. प्रश्न मिटला. आउटलुक वापरायला सांगितलंय कुणी?

निशिगंधा_क | सकाळी १०:३१

@खडूस, त्या दोन तशाच पाठवल्या, आभार. पण बाकी सात इथेच आहेत आणि रोज असं करणं शक्य नाही. माझे सगळे नमुने, सह्या, जुनी पत्रं आउटलुकमध्येच आहेत.

घोळनिवारक | सकाळी १०:४०

हे ओएसटी फाइल बिघडल्याचं लक्षण आहे. शंभर टक्के. आउटलुक बंद करा, ती फाइल शोधून उडवा, पुन्हा चालू करा. आउटलुक सर्व्हरवरून सगळं परत आणतं आणि फाइल नव्याने तयार करतं. मी चार जणांचे संगणक असेच सुधारलेत.

तळटीप | सकाळी १०:४७

थांबा! निशिगंधाताई, कृपया ती फाइल अजून उडवू नका.

घोळनिवारक, सर्व्हरवर जे आहे ते परत येतं हे अगदी खरं. पण आयमॅप खात्यात आउटबॉक्स सर्व्हरवर नसतोच, तो फक्त त्या संगणकावरच्या फाइलमध्ये असतो. फाइल गेली की न गेलेल्या सातही मेल गेल्या, आणि त्यांची प्रत दुसरीकडे कुठेही नाही. त्या चार जणांचे आउटबॉक्स बहुधा रिकामे होते, म्हणून कुणी ओरडलं नाही.

ताई, आधी तीन गोष्टी बघून सांगा. मेल उघडायची नाही, फक्त यादी बघायची.

एक, आउटबॉक्समधली सगळ्यात जुनी मेल कोणती आणि यादीत तिच्यापुढे आकार किती दिसतो? दोन, यादीत कुठल्या मेलचे विषय तिरक्या अक्षरात आहेत आणि कुठल्या सरळ? तीन, Send/Receive मध्ये Show Progress दाबा, तिथे Errors नावाचा टॅब आहे, त्यात काही लिहिलंय का?

अण्णा_पोस्टवाले | सकाळी १०:५५

माझ्या अनुभवाने सांगतो, रांग कधी अख्खी अडत नाही. खिडकीवर उभा असलेला पहिला माणूस चिल्लर मोजत बसलेला असतो आणि मागचे सगळे खिडकीतल्या माणसाला शिव्या घालत असतात.

निशिगंधा_क | सकाळी ११:०८

तळटीप, बघितलं.

सगळ्यात जुनी मेल काल दुपारी दीडची. तीन स्कॅन केलेल्या पीडीएफ जोडल्या होत्या, आकार १४ एमबी दिसतोय. बाकीच्या किरकोळ, सगळ्या १०० केबीच्या आत.

अक्षरं: सहांची तिरकी, एकीचं सरळ. सरळवाली मी काल उघडून वाचली होती, नीट लिहिलंय ना ते बघायला.

Errors टॅबमध्ये मात्र चक्क ढीग आहे! सगळीकडे एकच आकडा, 0x8004210B. हे मला आधी का दिसलं नाही?

आणि एक. त्याचा याच्याशी काही संबंध नसावा, पण ज्यांना ती पीडीएफवाली मेल पाठवली त्यांचा आताच फोन आला. म्हणाले, "अहो, तीच मेल किती वेळा पाठवताय? चौदा झाल्या." मी म्हटलं माझ्याकडे तर ती अजून गेलेलीच नाही. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

खडूस | सकाळी ११:११

"त्याचा याच्याशी काही संबंध नसावा." हे वाक्य चौकटीत लावून ठेवा.

तळटीप | सकाळी ११:२९

ताई, त्या फोनने अर्धं काम केलं.

त्यांना त्या चौदा मेलच्या वेळा विचारा. माझा अंदाज असा की बऱ्याचशा बरोबर अर्ध्या अर्ध्या तासाने आलेल्या असतील आणि मध्ये काही आडवेळी. आउटलुक न सांगता दर ३० मिनिटांनी आपणहून पाठवायचा प्रयत्न करतं, हे झाले अर्ध्या तासाचे. आडवेळच्या म्हणजे तुमचं F9.

0x8004210B चा अर्थ एवढाच की पाठवणाऱ्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहून आउटलुक कंटाळलं. ही वाट न बदललेल्या सेटिंगमध्ये फक्त १ मिनिट असते. मेल पाठवताना शेवटी काय होतं बघा. आउटलुक सगळा मजकूर देतं, "संपलं" म्हणून एका ओळीत एकटा पूर्णविराम देतं, आणि पलीकडून 250 ने सुरू होणारं उत्तर यायची वाट बघतं. ते 250 आलं की मेल आउटबॉक्समधून Sent मध्ये. ते एका मिनिटात नाही आलं, तर आउटलुकच्या लेखी मेल गेलीच नाही. ती आउटबॉक्समध्येच राहते, जोडणी तुटते, आणि मागच्या सगळ्या तशाच राहतात. अर्ध्या तासाने पुन्हा हीच पहिली, पुन्हा तेच.

पण पलीकडच्याला मजकूर पूर्ण मिळालेला असतो. त्याने तो पुढे पाठवूनही दिलेला असतो. फक्त "मिळालं" हे तुमच्यापर्यंत वेळेत पोचलं नाही. म्हणून तुमच्या लेखी एकही गेली नाही आणि त्यांच्याकडे चौदा. दोघंही खरं बोलताय.

हा घोळ आजचा नाही. १९८८ सालच्या आरएफसी १०४७ चा विषयच हा आहे, दुहेरी मेल आणि एसएमटीपी. आजचं मेलचं मानक, आरएफसी ५३२१, त्या शेवटच्या पूर्णविरामानंतर पाठवणाऱ्याने १० मिनिटं थांबावं असं सांगतं. आपण थांबतो एक.

एरर दिसली नाही त्याचं कारण असं की चुकीची चौकट येते तिच्यात "ही चौकट पुन्हा दाखवू नका" अशा अर्थाची खूण असते. कधीतरी वैतागून तुम्ही ती केली असेल. त्यानंतर चुका गुपचूप त्या टॅबमध्ये साठत राहतात.

निशिगंधा_क | सकाळी ११:३४

केली होती. गेल्या वर्षी. नेट सारखं जायचं तेव्हा.

घोळनिवारक | सकाळी ११:४१

आउटबॉक्सचं मान्य, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण आकाराचं पटत नाही. बहुतेक सर्व्हर २० किंवा २५ एमबी घेतात, मेल १४ ची आहे. मग मोठी कशी?

तळटीप | सकाळी ११:५८

प्रश्न रास्त आहे, आणि सर्व्हरने नाकारलेली नाही हे तुमचं बरोबर. नाकारली असती तर चौदा प्रती पोचल्याच नसत्या.

पण १४ हा आकडा फाइल तुमच्या संगणकात असतानाचा. मेलची वाट साध्या अक्षरांसाठी बांधलेली, त्यामुळे जोडलेली फाइल जाताना अक्षरांत बदलून जाते: दर ३ बाइटची ४ अक्षरं, वर प्रत्येक ओळीच्या शेवटी २. ५७ बाइट आत, ७८ बाहेर. म्हणजे आकार सुमारे १.३७ पट. तुमचे १४ एमबी तारेवर १९ च्या वर होतात. २० ची मर्यादा असलेल्या सर्व्हरवर कसेबसे बसतील, १५ ची फाइल नाही बसणार. तुमचा सर्व्हर किती घेतो ते तो स्वतः सांगतो. ज्याला हात काळे करायचे असतील त्याने आपल्या सर्व्हरचं नाव घालून हे करून बघावं:

```
openssl s_client -starttls smtp -crlf -connect smtp.example.com:587
EHLO test
```

उत्तरात `250-SIZE 20971520` अशी एक ओळ येते. तो आकडा बाइटमध्ये आणि फुगलेल्या मेलचा असतो. त्याला १.३७ ने भागा म्हणजे मूळ फाइल किती चालेल ते कळेल.

आता वेळ. निशिगंधाताईंचा वरच्या दिशेचा वेग जर सेकंदाला १ मेगाबिट असेल तर १९ एमबी जायला पावणेतीन मिनिटं लागतात.

मीनल_दे | दुपारी १२:०६

पण तळटीप, पावणेतीन मिनिटं *पाठवण्यात* जातायत ना? तुम्हीच म्हणालात की ते एक मिनिट सगळं पाठवून झाल्यावर, उत्तराची वाट बघण्याचं आहे. मग नेट कितीही हळू असलं तरी फरक पडायला नको.

तळटीप | दुपारी १२:१५

शाब्बास, नेमकं तिथेच बोट ठेवलंत. नुसत्या हळू नेटने हे होत नाही. मध्ये कुणीतरी बसलेलं असावं लागतं. दोन उमेदवार आहेत.

पहिला, तुमच्याच संगणकावरचा अँटिव्हायरस, जर तो जाणाऱ्या मेल तपासत असेल. तो आउटलुकच्या आणि सर्व्हरच्या मध्ये बसतो. आउटलुक त्याला १९ एमबी क्षणात देऊन टाकतं, कारण ते संगणकातल्या संगणकात आहे. आउटलुकला वाटतं पाठवून झालं आणि त्याचं एक मिनिट सुरू होतं. तपासनीस महाशय मात्र खऱ्या नेटवरून पुढची पावणेतीन मिनिटं ढकलत असतात. एका मिनिटाने आउटलुक उठून जातं, त्यांना पत्ताच नसतो, ते काम पूर्ण करतात.

दुसरा, सर्व्हर स्वतः. काही सर्व्हर मेल पूर्ण घेतल्यावर, 250 म्हणायच्या आधी, ती तपासतात. मोठी स्कॅन केलेली पीडीएफ असेल आणि गर्दीची वेळ असेल तर मिनिट सहज जातं.

ओळखायचं कसं? Show Progress उघडं ठेवून बघा. पट्टी हळूहळू सरकत मिनिटा-दोन मिनिटांनी भरली आणि मग थांबली तर सर्व्हर. पट्टी लगेच भरली आणि मग थांबली तर मधला माणूस घरातलाच.

निशिगंधा_क | दुपारी १२:२२

आत्ता बघितलं. पापणी लवायच्या आत भरली. मग तशीच. मग एक मिनिटाने Errors मध्ये एक वाढली.

आणि हो, त्यांच्याकडे पंधरावी पोचली असणार. त्यांचा फोन मी आज उचलणार नाहीये.

अण्णा_पोस्टवाले | दुपारी १२:२५

पंधरा प्रती म्हणजे रजिस्टर्ड पोस्टाच्याही वरची सेवा.

तळटीप | दुपारी १२:४४

आता सोडवूया. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश सांगतो.

आधी वायफाय बंद करा किंवा केबल काढा. मग Send/Receive मध्ये Work Offline दाबा. नुसतं Work Offline पुरतं खरं, पण पाठवणं चालू असताना ते दाबलं तर चाललेलं काम लगेच थांबेलच असं नाही, म्हणून मी नेटच तोडतो.

मग ती दीडची मेल न उघडता यादीतून धरून ओढा आणि Drafts मध्ये सोडा. Delete करू नका, मजकूर लागेल. उघडायची का नाही ते सांगतो. तिरकी अक्षरं म्हणजे "मी पाठवायच्या रांगेत आहे". आउटबॉक्समधली मेल उघडली की ती रांगेतून बाहेर पडते आणि अक्षरं सरळ होतात. मग ती तिथेच बसते, कायमची, आणि तिच्याबद्दल एरर टॅबमध्येसुद्धा काही येत नाही, कारण आउटलुकच्या मते तुम्ही ती अजून लिहिताय. तुमची ती एक सरळवाली अशीच झालीये. ती शेवटी उघडून पुन्हा Send दाबा.

ओढताना कदाचित आउटलुक नकार देईल, या मेलचं पाठवणं आधीच सुरू झालंय अशा अर्थाचं काहीतरी म्हणेल. तसं झालं तर आउटलुक बंद करा, मग Task Manager मध्ये OUTLOOK.EXE खरंच गेलंय का ते बघा. खिडकी बंद झाली तरी ते मागे जिवंत राहतं आणि मेल दातात धरून बसतं. यादीतून गेलं की पुन्हा उघडा आणि ओढा. तरीही नाही म्हणालं तर Win+R दाबून असं उघडा:

```
outlook.exe /safe
```

यात बाहेरची जोडकामं चालू होत नाहीत. काही वेळा मेल धरून बसलेलं तेच असतं.

पहिली हलली की नेट जोडा, Work Offline काढा, F9 एकदाच दाबा.

सुप्रिया_वि | दुपारी १:१०

मी थंडरबर्डवाली, पण दुखणं याच घराण्यातलं आहे म्हणून लिहिते. माझ्याकडे मेल मोठी नव्हती, तुटकी होती.

पाठवत असताना वीज गेली. परत चालू केल्यावर Outbox मध्ये एक विचित्र ओळ: विषय कोरा, पाठवणारा कोरा, तारीख १ जानेवारी १९७०. माझा जन्मही त्यानंतरचा. तिच्या मागे पाच चांगल्या मेल. Send Unsent Messages म्हटलं की क्षणभर हलल्यासारखं व्हायचं आणि शांत. ती ओळ निवडून Delete केली तर जायची आणि फोल्डर परत उघडलं की हजर.

आधी फोल्डरच्या Properties मधून Repair Folder केलं. त्याने फक्त यादी नव्याने बनवली, आणि मूळ फाइलमध्येच घाण असल्याने तीच ओळ पुन्हा दिसली. शेवटी पाच चांगल्या मेल Drafts मध्ये कॉपी केल्या, प्रत्येक उघडून मजकूर आहे ना ते बघितलं. एकीचा शेवट कापला गेला होता, ती पुन्हा लिहिली. मग Help मधून Troubleshooting Information, तिथून प्रोफाइलचं फोल्डर उघडलं, थंडरबर्ड बंद केलं, आणि `Mail\Local Folders` मध्ये ह्या दोन फाइल उडवल्या:

```
Unsent Messages
Unsent Messages.msf
```

थंडरबर्डने पुढच्या वेळी आपोआप कोऱ्या बनवल्या. नुसती .msf उडवून काही होत नाही, ती फक्त अनुक्रमणिका. मी आधी तेच केलं होतं आणि एक संध्याकाळ घालवली.

घोळनिवारक | दुपारी १:१८

म्हणजे इथे फाइल उडवणंच बरोबर ठरलं. नोंद घ्यावी. 😀

सुप्रिया_वि | दुपारी १:२१

आधी कॉपी, मग उडवणं. क्रमाची पण नोंद घ्यावी.

वामन_सं | दुपारी १:३७

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझा आउटबॉक्स पूर्ण *रिकामा* आहे, तरी आउटलुक बंद करताना न गेलेल्या मेल आहेत म्हणून विचारतं. रोज. महिनाभर. कुठे आहेत त्या?

तळटीप | दुपारी १:५२

वामनराव, बहुधा वाचल्याची पोच अडकलीये. कुणीतरी तुम्हाला पोच मागणारी मेल पाठवली, तुम्ही "हो, पाठव" म्हणालात, आणि ती पोच काही कारणाने जाऊ शकली नाही. या पोच आउटबॉक्समध्येच असतात, पण यादीत दिसत नाहीत.

दिसण्यासाठी MFCMAPI नावाचं अवजार लागतं. ते आतलं सगळं उघडं करून दाखवतं. त्यात आउटबॉक्स उघडून REPORT.IPM.Note.IPNRN अशा वर्गाची नोंद शोधायची आणि काढायची. पण ते अवजार "नक्की का?" फारसं विचारत नाही. चुकीच्या फोल्डरवर उभं राहून Delete दाबलंत तर गेलंच. आधी डेटा फाइलची प्रत काढा, किंवा ज्याने ते आधी वापरलंय अशा कुणाला शेजारी बसवा. त्याआधी /safe मध्ये उघडून एक F9 करून बघायला हरकत नाही, पैज लावणार नाही.

निशिगंधा_क | दुपारी २:२०

आले!

वायफाय बंद, Work Offline, ओढली. झालंच की, "already begun transmitting" म्हणे. आउटलुक बंद केलं. Task Manager मध्ये OUTLOOK.EXE होतं, अगदी तळटीप म्हणाले तसं. मी चहा केला, परत आले तरी होतं. End task केलं. पुन्हा उघडायला जरा वेळ लागला, डेटा फाइल तपासतोय असं काहीतरी म्हणत होतं, त्याने घाबरले. पण उघडलं. ओढली, आणि गुपचूप Drafts मध्ये गेली.

नेट जोडलं, F9. चार मेल एका दमात गेल्या, दहा सेकंदही नाही. सहावी सरळवाली, ती उघडून Send केली, गेली. सातवी अजून आहे! तिरकी आहे, छोटी आहे, आणि जात नाही.

मीनल_दे | दुपारी २:२६

सातवीत काय आहे? जोडलेलं काही?

निशिगंधा_क | दुपारी २:३३

एक वर्ड फाइल, ६० केबी. ऑफिसच्या सामायिक फोल्डरमधून ओढली होती. थांबा, पत्ता बघते. मेल उघडायची नाहीये ना, कसं बघू?

तळटीप | दुपारी २:३९

ही एकटी उरलीये, आता उघडा, रांगेतून गेली तरी बिघडत नाही. Errors मध्ये आता काय येतंय तेही सांगा.

निशिगंधा_क | दुपारी २:५१

Errors मध्ये नवीन काही नाही. मेल उघडली, पत्त्याच्या जागी माझ्या जुन्या यादीतून आपोआप भरलेलं नाव होतं. पत्ता ठीक दिसला. जोडलेली फाइल उघडायचा प्रयत्न केला तर उघडेना. फाइल काढली, मूळ जागेवरून डेस्कटॉपवर कॉपी करून पुन्हा जोडली, Send. गेली.

मग तिथे अडलं कशाने, फाइल की पत्ता?

घोळनिवारक | दुपारी २:५६

फाइल. ओढताना अर्धवट आली असणार.

तळटीप | दुपारी ३:०४

असेल. पण तुम्ही मेल उघडून पुन्हा Send केलीत, त्यानेही ती रांगेत नव्याने लागली. कदाचित End task च्या वेळी हीच अर्ध्यात पकडली गेली असेल. दोन्ही एकदम बदललं, आता खात्रीने सांगता येणार नाही.

राहिली पीडीएफवाली. ती Drafts मधून पुन्हा पाठवू नका, त्यांच्याकडे पंधरा आहेतच. 😀 पण पुढच्या वेळी हेच होऊ नये म्हणून दोनपैकी एक करा. अँटिव्हायरसमध्ये जाणाऱ्या मेल तपासण्याचा पर्याय बंद करा, किंवा आउटलुकची वाट बघण्याची मुदत वाढवा. मुदत खात्याच्या More Settings मध्ये, Advanced टॅबवर, Server Timeouts अशी सरकपट्टी आहे, उजवीकडे शेवटपर्यंत नेली की १० मिनिटं. नव्या आवृत्तीत खात्याच्या खिडकीतून ती सापडली नाही तर Control Panel मधल्या Mail मधून जा.

खडूस | दुपारी ३:१२

अँटिव्हायरस बंद करा हा सल्ला जाहीरपणे देणं बरं नव्हे. उद्या कुणीतरी अख्खाच बंद करेल आणि तुमचं नाव सांगेल.

तळटीप | दुपारी ३:२०

अख्खा नाही, फक्त जाणाऱ्या मेलची तपासणी. फाइल डिस्कवर असते तेव्हाच तिची तपासणी होत असते, ती चालूच राहते. तीच फाइल दाराबाहेर पडताना पुन्हा झडायची गरज मला वाटत नाही.

खडूस | दुपारी ३:२३

मला वाटते. संगणकात काही शिरलं असेल आणि तुमच्या नावाने मेल पाठवायला लागलं, तर ते दारातच सापडेल. मुदत वाढवा, तपासणी राहू द्या.

मीनल_दे | दुपारी ३:३१

मुदत वाढवली तर त्या दहा मिनिटांत मागच्या मेल अडणारच ना? फक्त शेवटी सुटतील.

तळटीप | दुपारी ३:३५

हो. रांग तीच, खिडकी तीच. अण्णांचा चिल्लरवाला फक्त हाकलला जाणार नाही, मोजून संपवेल.

निशिगंधा_क | दुपारी ४:०५

मुदत वाढवली, तपासणी ठेवली. आणि ती गेल्या वर्षीची खूणही काढून टाकली, आता चौकट येऊ दे.

स्कॅनरवाल्या सहकाऱ्याला विचारलं तर तो ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करत होता, साध्या टाइप केलेल्या पानांचं. ३०० वर काळं-पांढरं केलं तर तीच तीन पत्रं मिळून दीड एमबी झाली.

भटका_विमुक्त | दुपारी ४:१७

माझी दुसरी टिक आली!! फोन बंद होता म्हणे त्याचा.

अण्णा_पोस्टवाले | दुपारी ४:२०

बघा, खडूसराव उगाच माणसाचं मन मोडत होते.

वामन_सं | सायंकाळी ६:४८

/safe मध्ये F9 करून पाहिलं, काही फरक नाही. ते MFCMAPI उतरवलंय, उघडलं आणि घाबरून बंद केलं. रविवारी भाचा येणार आहे, तोवर रोज "तरी बंद कर" म्हणतो.